जानेवारीची गर्दी, ऑगस्टचं भाडं

पुण्यातल्या एखाद्या छोट्या योगवर्गात 2 जानेवारीला सकाळी डोकावलं, तर चटई टाकायला जागा मिळत नाही. त्याच हॉलमध्ये फेब्रुवारीच्या मध्याला गेलं, तर पुढच्या रांगेतले नेहमीचे चेहरे तेवढे उरलेले असतात.

ही गळती सगळ्यांनाच ठाऊक असते. फसवतो तो तिच्या आधी गल्ल्यात आलेला पैसा. उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. एका वेळी 14 माणसं मावतील असा हॉल आहे, तिथे दोन बॅच सकाळच्या आणि एक संध्याकाळची. भाडं, वीज, साफसफाई आणि शिक्षकाचं मानधन मिळून महिना 50 हजार खर्च. तिमाही फी साडेचार हजार, म्हणजे महिन्याला दीड हजार पडते. खर्च निघायलाच 34 सभासद लागतात, आणि एकूण जागा 42! मालकाची स्वतःची कमाई उरलेल्या आठांतून.

अशा वेळी वर्षाची फी एकदम घ्यायचा मोह होतो. ‘फक्त 12 हजारांत वर्षभर’ अशी पाटी लागते, 30 जण पैसे भरतात आणि 3 लाख 60 हजार हातात येतात. पण सात महिन्यांत त्यातले साडेतीन लाख खर्ची पडतात. ऑगस्टचं भाडं द्यायची वेळ येते तेव्हा सभासदांचे पाच महिने बाकी असतात आणि पैसे मात्र संपलेले. आगाऊ फी ही कमाई नसते, ती सभासदांची उधारी असते. मोठ्या जिमला येणार नाहीत त्यांच्या भरवशावर जास्त सभासद घेता येतात; 14 चटयांच्या हॉलला ते झेपत नाही.

माणूस एकदम सोडत नाही. आठवड्यातून पाचदा येणारा आधी दोनदा येऊ लागतो, मग ‘ऑफिसचं जरा चाललंय’ असा निरोप येतो. हजेरीच्या वहीत हे आधीच दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या खाड्यालाच शिक्षकाने फोन केला तर तो परतण्याची आशा असते. महिन्याने केलेला फोन वसुलीचा वाटतो.

तो फोन शिक्षकाने करावा, तर त्यात त्याचंही काही असायला हवं. तासाला ठरलेले 400 रुपये मिळत असतील, तर समोर चौदा असोत की चार, त्याला फरक पडत नाही. फीत टक्केवारी दिली, तर आपल्यामुळेच लोक येतात असं त्याला वाटू लागतं आणि एक दिवस तो अर्धी बॅच घेऊन शेजारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जातो. मधला मार्ग बरा: तासाला 250 ठरलेले आणि हजर माणसामागे 15. भरलेल्या वर्गाचे 460 होतात, चौघांच्या वर्गाचे 310.

नवा वर्ग लावणाऱ्यांनीही वार्षिक सवलतीला भुलू नये. चार-सहा दिवस पैसे देऊन जाऊन पाहावं, गावी गेल्यास फी पुढे सरकते का ते विचारावं आणि मगच तिमाही भरावी.