नफा वीस लाखांचा, मग खात्यात सहाच का?

सुट्या भागांचा एक छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणू या. मार्च २०२५ अखेर नफा-तोटा पत्रकात करापूर्वीचा नफा २० लाख. मालक खूश. पण बँकेतली शिल्लक गेल्या वर्षी ९ लाख होती, ती यंदा ६ लाख. एवढा नफा झाला तर पैसा गेला कुठे, हा प्रश्न अशा वेळी बहुतेक मालक आपल्या सीएला विचारतातच.

उत्तरासाठी वर्षभराची पासबुकं चाळायची गरज नसते. लागोपाठच्या दोन वर्षांचे ताळेबंद आणि मधलं नफा-तोटा पत्रक एवढी तीन कागदपत्रं पुरतात. नफ्यापासून सुरुवात करून उलट पावली रोखीकडे चालत जायचं, हीच अप्रत्यक्ष पद्धत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार रोख प्रवाह याच पद्धतीनं दाखवावा लागतो.

पहिल्यांदा नफ्यातून, ज्याचा कामकाजातल्या रोखीशी संबंध नाही ते वेगळं काढायचं. घसारा ६ लाख नफ्यातून वजा झालेला असतो, पण त्यासाठी कुणाला पैसे दिलेले नसतात, म्हणून तो परत मिळवायचा. कर्जावरचं ३ लाख व्याजही मिळवायचं. ते दिलं खरं, पण ते भांडवल उभारण्याच्या सदरात जातं. उलट २ लाख पुस्तकी किमतीचं जुनं यंत्र ३ लाखांना विकून झालेला १ लाखाचा फायदा वजा करायचा, कारण विक्रीचे पूर्ण ३ लाख पुढे गुंतवणुकीच्या सदरात येणारच आहेत. इथवर आकडा झाला २८ लाख.

आता दोन ताळेबंद शेजारी ठेवायचे. गिऱ्हाइकांकडची येणी २२ लाखांवरून ४० लाखांवर गेली आहेत. विक्री बिल फाडलं त्याच दिवशी नफ्यात धरली जाते, पैसे मात्र सवडीनं येतात. वर्षाची विक्री आणि प्रत्यक्ष वसुली यांच्यातला १८ लाखांचा फरक गिऱ्हाइकांच्या खिशात राहिला, तो वजा. मालाचा साठा ३० चा ३७ झाला, म्हणजे ७ लाख गोदामात अडकले, तेही वजा. पुरवठादारांची देणी मात्र २५ वरून २९ झाली. ४ लाखांचा माल आला पण पैसे द्यायचे राहिले, म्हणून ते अधिक. उरले ७ लाख.

कराचा हिशेब थोडा वेगळा आहे. पत्रकात कर ५ लाख दिसतो, पण ताळेबंदातलं कराचं देणं २ चं ३ लाख झालंय. म्हणजे प्रत्यक्षात भरले ४ लाख. वीस लाखांच्या नफ्यातून कामकाजाची रोख उरली ३ लाख.

बाकीचं पटकन उरकतं. नवी यंत्रं १४ लाखांची, जुनं विकून आलेले ३. म्हणजे गुंतवणुकीत ११ लाख गेले. कर्ज ८ लाखांनी वाढलं, व्याज ३ लाख गेलं; म्हणजे ५ लाख आले. तीन वजा अकरा अधिक पाच, एकूण वजा ३. नऊचे सहा झाले. ताळा जमला.

आणि इथेच बरेच जण पेन खाली ठेवतात. आता समजा, त्या २९ लाखांच्या देण्यांत यंत्र पुरवणाऱ्याचं ४ लाखांचं बिल मिसळलेलं आहे. ते कच्च्या मालाचं देणं नव्हेच. ते बाजूला काढलं तर मालाच्या पुरवठादारांची देणी २५ ची २५ च राहिली. कामकाजाची रोख अधिक ३ नव्हे, तर वजा १ लाख. दुसरीकडे यंत्रांवर यंदा प्रत्यक्षात गेले १४ नव्हे, १० लाख, त्यामुळे गुंतवणुकीचे वजा ११ आता वजा ७ होतात. बेरीज पुन्हा वजा ३! शेवटची शिल्लक दोन्ही वेळा सहा लाखच येते. पहिल्या मांडणीत धंदा थोडी का होईना रोख कमावतो, दुसरीत तो स्वतःची रोख खातो.

त्यामुळे कर्ज देताना चाणाक्ष बँक अधिकारी नुसता ताळा पाहत नाहीत. ‘या देण्यांची यादी दाखवा, यात यंत्रवाला कोण?’ असं विचारतात. नुसत्या ताळेबंदावरून हे कळत नाही. त्यासाठी पुरवठादारांची खातेवही उघडावी लागते.

आपल्या कारखान्याच्या मालकाचं उत्तर मात्र या मिसळीआधीच हाती आलं होतं. येण्यांची यादी काढली, की अठरा लाख कुणाकुणाकडे अडकलेत ते नावानिशी दिसतं. वसुलीचा पहिला फोन त्या यादीतल्या सगळ्यात जुन्या बिलाला करायचा.