टाकी भरली, हे कळवणार कोण?

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की खालच्या मजल्यावरच्याला ते सगळ्यात शेवटी कळतं. खालची टाकी कोरडी पडली तर पंप तसाच फिरत राहतो आणि मोटार जळू शकते. यावर उपाय फार महाग नाही. टाकीच्या झाकणाला पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर लावायचा आणि त्याला वाय-फाय असलेला छोटा ईएसपी-३२ बोर्ड जोडायचा. हौशी मुलं हे काम सुट्टीत करून टाकतात. प्रश्न पुढचा आहे: बोर्डाला कळलेली गोष्ट वॉचमन, सेक्रेटरी आणि कमिटीच्या आणखी सहा जणांच्या मोबाइलवर पोचवायची कशी?

पहिलं नाव निघतं ते व्हॉट्सॲपचं. पण यंत्राने आपणहून मेसेज पाठवायचा असेल, तर अधिकृत मार्गात धंद्यासाठीचं खातं उघडावं लागतं, मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि अशा मेसेजला पैसेही पडतात. अनधिकृत मार्ग इंटरनेटवर पुष्कळ सापडतात, मात्र त्यात नंबरच बंद होण्याची भीती असते. एसएमएसचंही तसंच आहे. ‘ट्राय’च्या नियमांमुळे पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी करावी लागते. आठ जणांच्या कामासाठी एवढा खटाटोप परवडत नाही. मग साधारण तीन पर्याय हाती राहतात: टेलिग्रामचा बॉट, ntfy आणि पुशओव्हर.

टेलिग्रामचा बॉट फुकट आहे. ntfy ही खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारी सेवा आहे. तिच्या सार्वजनिक सर्व्हरवर खातं न उघडताही दिवसाला २५० मेसेज पाठवता येतात. पुशओव्हर महिन्याला १०,००० मेसेज देतं, पण महिनाभराच्या चाचणीनंतर प्रत्येकाला एकदाच पाच डॉलर भरावे लागतात. हे आकडे कंपन्या बदलत असतात, म्हणून ठरवण्याआधी त्यांचं पान उघडून पाहावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकडा नेमका कशाचा आहे, हे पाहावं.

ntfy चे २५० मेसेज आपल्या कामाला पुरतील का, याचा हिशेब करू. बोर्ड दर पाच मिनिटांनी पातळी मोजतो आणि प्रत्येक वेळी ती कळवतो, असं धरा. तासाला १२ म्हणजे दिवसाला २८८ मेसेज झाले. या सेवेचा दिवस आंतरराष्ट्रीय वेळेनुसार मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. तिथून मोजलं तर अडीचशेवा मेसेज रात्री सव्वादोनला जातो. पुढचे ३८ सर्व्हर परत पाठवतो. नेमकं त्याच वेळात, पहाटे चारला, नळाला पाणी येतं आणि टाकी वाहू लागते. मोबाइल मात्र गप्प असतो. मर्यादा संपल्याचा आकडा ४२९ बोर्डाला परत मिळतो, पण तो वाचून नोंदवणारी ओळ प्रोग्राममध्ये नसेल तर कुणालाच काही कळत नाही.

यासाठी पैसे भरून मर्यादा वाढवायची गरज नाही. पातळी नव्हे, बदल कळवायचा: टाकी २० टक्क्यांखाली गेली की एक मेसेज, पुन्हा भरली की दुसरा. इथेही एक गोम आहे. पाणी हलतं, त्यामुळे सेन्सर १९, २१, १९, २० असे आकडे देत राहतो आणि प्रत्येक वेळी नवा मेसेज सुटतो. म्हणून इशारा २० टक्क्यांना द्यायचा, पण पातळी ३० च्या वर गेल्याशिवाय तो मिटला असं मानायचं नाही. एवढं केलं की दिवसाला चार-सहा मेसेज पुरतात आणि तिन्ही सेवांच्या मर्यादा भरपूर वाटू लागतात.

मोजणी कुणाच्या नावावर होते, हेही बघावं. ntfy वर खातं नसेल तर ती इंटरनेटच्या पत्त्यावर होते. मोबाइल कंपन्या कित्येकदा अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. गच्चीवर सिमकार्डवाला राउटर असेल, तर तीच सेवा वापरणाऱ्या अनोळखी माणसाचे मेसेजही तुमच्या खात्यात धरले जाऊ शकतात. काही सेवा पाठवलेला मेसेज मोजतात, तर काही तो मिळालेली माणसं. जपानमध्ये लाइन या ॲपच्या व्यावसायिक खात्याला महिन्याला २०० मेसेज फुकट आहेत, पण मोजणी माणसागणिक होते. आठ जणांच्या कमिटीला त्यातले पंचवीसच इशारे मिळतील.

लाइनचंच उदाहरण पुढच्या मुद्द्यालाही लागू पडतं. तिची ‘लाइन नोटिफाय’ ही फुकट सेवा जपान, तैवान आणि थायलंडमधल्या हौशी लोकांची आवडती होती. ३१ मार्च २०२५ रोजी ती बंद झाली. इफ्ट या सेवेने २०२० मध्ये फुकट खात्याला एकदम तीनच जोडण्यांची मर्यादा घातली. म्हणून आज काय फुकट मिळतं याबरोबरच उद्या इथून निघायला किती त्रास होईल, हेही तोलावं.

हा त्रास प्रोग्राममध्ये फारसा नसतो. ntfy वर मेसेज असा जातो:

```
curl -d "टाकी रिकामी" ntfy.sh/taki-b7k2m9x4
```

आणि टेलिग्रामवर असा:

```
curl https://api.telegram.org/bot<TOKEN>/sendMessage \
  -d chat_id=<ID> -d text="टाकी रिकामी"
```

मेसेज पाठवायचं काम प्रोग्राममध्ये एकाच जागी ठेवलं, तर सेवा बदलणं म्हणजे दोन-चार ओळी बदलणं. खरा त्रास माणसांचा असतो. आठ जणांना नवं ॲप घ्यायला लावायचं, त्यातली बॅटरी बचत बंद करायला शिकवायचं आणि वॉचमन बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ntfy चा सर्व्हर पुढे स्वतःच्या संगणकावर चालवता येतो, ही तिची जमेची बाजू. तरीही प्रत्येक फोनमधला पत्ता हाताने बदलावाच लागतो. शिवाय विषयाचं नाव हाच तिथला पासवर्ड आहे. साधं ‘taki’ असं नाव दिलं तर कुणीही तुमचे इशारे वाचेल आणि खोटेही पाठवेल.

टेलिग्रामवर ग्रुप करून त्यात बॉट टाकला, तर माणसं आत-बाहेर करायचं काम सेक्रेटरी स्वतः करू शकतात, प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. ग्रुपला मिनिटाला २० मेसेजची मर्यादा आहे, ती इथे आड येत नाही. एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. काही सेटिंग बदलली की साध्या ग्रुपचा सुपरग्रुप होतो आणि त्याचा chat_id बदलतो. त्या दिवसापासून इशारे बंद पडतात. परत आलेल्या उत्तरात migrate_to_chat_id या नावाने नवा क्रमांक दिलेला असतो. तो उचलून घेण्याची सोय आधीच करून ठेवावी.

तेव्हा निवड करताना आधी कमिटीतल्यांचे फोन बघा. बहुतेकांकडे टेलिग्राम असेल तर तेच घ्या. नसेल, आणि नवं खातं उघडायची कुणाची तयारी नसेल, तर ntfy घ्या आणि विषयाचं नाव ओळखता येणार नाही असं ठेवा. पंप जळण्याची भीती मोठी असेल आणि रात्री एखाद्याला उठवायचंच असेल, तर पुशओव्हरचे पाच डॉलर वसूल होतात, कारण त्याचा तातडीचा इशारा ‘पाहिलं’ म्हणेपर्यंत ठराविक वेळ वाजत राहतो. यातलं काहीही घेतलं, तरी रोज सकाळी ‘टाकी ६५ टक्के’ असा एक मेसेज येऊ द्या. तो आला नाही, तर त्या दिवशी गच्चीवर माणूस पाठवा.