इंग्रजी पडद्यावर कार्ड जोडताना

आजचा विषय तुमच्याच फोनांतून आला आहे. फोन मुलाने किंवा सुनेने घेऊन दिलेला, त्यातले पैशांचे ॲप इंग्रजीत. त्यात बँकेचे कार्ड जोडायचे म्हटले की हात थांबतो आणि ‘तूच कर बाई’ म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात जातो. सोबत कार्डही जाते आणि बँकेकडून आलेला ओटीपीही. हे काम आपले आपल्याला कसे करता येईल, ते आज पाहू. उदाहरण गूगल पेचे घेऊ.

आधी एक फरक लक्षात घ्या. क्यूआर कोड स्कॅन करून आपण भाजीवाल्याला पैसे देतो, तेव्हा बहुधा बँकेचे खाते जोडलेले असते. त्याला यूपीआय म्हणतात आणि तिथे यूपीआय पिन लागतो. कार्ड जोडणे हे वेगळे काम. जोडलेले कार्ड दुकानातल्या मशीनला फोन टेकवून किंवा ऑनलाइन खरेदीत वापरता येते. मात्र सगळ्या बँकांची कार्डे यात चालत नाहीत. आपले कार्ड चालत नसेल तर ॲप तसे सांगते. मग पुन्हा पुन्हा आकडे भरण्यात अर्थ नाही, यूपीआय आहेच.

कार्ड जोडले की नेमके होते काय? कार्डावरचा नंबर फोनमध्ये ठेवला जात नाही. त्याच्या जागी दुसरा एक नंबर तयार होतो, त्याला टोकन म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली याला परवानगी दिली आणि यासाठी ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असेही सांगितले. टोकन म्हणजे घराच्या कुलपाची दुसरी किल्ली समजा. ही किल्ली ज्या फोनसाठी केली, त्याच फोनमध्ये चालते. म्हणून ती कोणाच्या फोनसाठी होते आहे, हे पाहणे सर्वात महत्त्वाचे.

आता पडद्याकडे वळू. वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोच्या किंवा नावाच्या अक्षराच्या गोलावर बोट ठेवले की पैसे देण्याच्या साधनांची यादी येते. त्यात `Add card` असे शब्द शोधा. ॲप नवे झाले की शब्द थोडे बदलतात, पण `card` हा शब्द राहतो. पुढे कॅमेरा उघडला तर कार्ड त्यासमोर धरा, नाहीतर आकडे हाताने भरा.

इथे शब्द वाचता आले नाहीत तरी अडत नाही. चौकटीत किती आकडे मावतात, ते पाहा. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर चार-चारच्या गटात १६ आकडे असतात, तो कार्डाचा नंबर. मध्ये तिरकी रेघ आणि दोन्हीकडे दोन-दोन आकडे, म्हणजे कार्डाची मुदत: आधी महिना, मग वर्ष. `08/29` म्हणजे ऑगस्ट २०२९. तीन आकड्यांची चौकट `CVV` किंवा `CVC` ची, हे आकडे बहुधा कार्डाच्या मागच्या बाजूला असतात. नाव कार्डावर छापले आहे तसेच, इंग्रजी अक्षरांत लिहायचे.

यानंतर पत्ता विचारला जातो आणि इथे बऱ्याच जणी फसतात. पत्त्याखाली `PIN code` असे येते. तो एटीएमचा पिन नव्हे, पोस्टाचा सहा आकडी पिनकोड. आणि हे पक्के ध्यानात ठेवा: कार्ड जोडताना एटीएमचा चार आकडी पिन लागत नाही. कोणी तो मागितला तर तिथेच थांबा.

शेवटी अटी येतात. त्या मान्य केल्या की `Activate` सारखे बटण दिसते. ते दाबल्यावर बँक मेसेजने ओटीपी पाठवते. ही खरी पडताळणी. ओटीपी बहुधा सहा आकडी असतो आणि काही मिनिटेच चालतो, तरी घाई करू नका. मेसेज उघडून दोन गोष्टी बघा. कार्डाचे शेवटचे चार आकडे आपलेच आहेत का? आणि हा ओटीपी कशासाठी आहे? कार्ड जोडण्याच्या मेसेजमध्ये बहुधा `token` किंवा ॲपचे नाव असते. तिथे हजारांची रक्कम दिसली तर तो खरेदीचा ओटीपी आहे, तो भरू नका. काही ॲप तपासणीसाठी एक-दोन रुपये घेऊन परत करतात, तेवढे चालते.

ओटीपी आलाच नाही तर? तो हातातल्या फोनवर येईलच असे नाही. बँकेत जो नंबर नोंदवला आहे, त्यावर तो जातो. खाते उघडताना नवऱ्याचा किंवा भावाचा नंबर दिला असेल, तर ओटीपी तिकडे वाजतो. जुना नंबर बंद पडला असेल, तर काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या माणसाला देऊ शकते. यावर उपाय ॲपमध्ये नाही. पासबुक आणि ओळखपत्र घेऊन शाखेत जा आणि आपला स्वतःचा नंबर नोंदवून घ्या. खाते आपल्या नावावर आणि मेसेज दुसऱ्याच्या फोनवर, अशा खात्यात काय चालले आहे ते आपल्याला सर्वात शेवटी कळते.

दुसरे कारणही नेहमी आढळते. ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएममध्ये आणि दुकानातल्या मशीनवर चालते. ऑनलाइन वापर आणि मशीनला टेकवून पैसे देणे, या सोयी आपण सुरू करून घ्याव्या लागतात. कार्ड फक्त एटीएमपुरते वापरले असेल तर हे आधी बँकेत विचारा.

आता किल्लीची गोष्ट पुन्हा आठवा. समजा, दुपारी फोन येतो: ‘ताई, तुमचे कार्ड बंद होणार आहे, नंबर सांगा.’ तुम्ही १६ आकडे, मुदत, मागचे तीन आकडे सांगता. मग मेसेज येतो, त्यात रक्कम नाही. तुम्हाला वाटते, पैसे कुठे जात आहेत, म्हणून ओटीपीही सांगता. समोरच्याने तेवढ्यात तुमचे कार्ड त्याच्या फोनमध्ये जोडलेले असते. खरेदीचा ओटीपी दिला तर एका वेळचे पैसे जातात. हा ओटीपी दिला तर किल्लीच जाते आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते. रक्कम नसलेला ओटीपी म्हणून जास्त जपायचा.

असे घडलेच तर लाजून गप्प बसू नका. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करा आणि दोन्ही सांगा: कार्ड बंद करा आणि त्यावरची टोकन काढून टाका. लगेच १९३० वरही तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले असते, कळवल्यानंतरचे बँकेचे. त्या वहीतल्या वेळेवर पुढे पैसे अवलंबून असतात.

फोन हरवला तरी बँकेला कळवून त्या फोनमधले टोकन बंद करता येते. पर्समधले कार्ड त्यामुळे बाद होत नाही.

आणि ॲप मराठीत हवे असेल, तर गूगल पेच्या सेटिंगमध्ये `Language` शोधा. त्या यादीत मराठी आहे. बँकेचा मेसेज मात्र पुष्कळदा इंग्रजीतच येईल. तो आला की आधी शेवटचे चार आकडे, मग रक्कम, मग `token` हा शब्द, याच क्रमाने पाहा.