चहा निवतो, पण कोणत्या हिशेबाने?

कपात नुकताच ओतलेला चहा ८५ अंश सेल्सिअसला आहे, खोलीचं तापमान २५ अंश. पाच मिनिटांनी चहा ७० अंशांवर आला. मग दहाव्या मिनिटाला तो किती गरम असेल? अकरावीच्या भौतिकशास्त्रात न्यूटनच्या शीतलनाच्या नियमाखाली असं गणित येतं आणि बारावीच्या गणितात अवकल समीकरणांच्या धड्यात पुन्हा भेटतं.

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे ५५. पाच मिनिटांत १५ अंश उतरले, पुढच्या पाचांत आणखी १५. पण या हिशेबाने पाऊण तासाच्या आत चहाचा बर्फ व्हायला हवा! दुसरं उत्तर जरा हुशारीचं: ७० भागिले ८५ हे गुणोत्तर काढायचं आणि त्याने ७० ला गुणायचं. तेही चूक, आणि का चूक हे फॅरेनहाइटमध्ये मांडलं की लगेच कळतं. ८५ अंश सेल्सिअस म्हणजे १८५ फॅरेनहाइट आणि ७० म्हणजे १५८. सेल्सिअसमध्ये गुणोत्तर ०.८२ येतं, फॅरेनहाइटमध्ये ०.८५. चहा तोच, कप तोच. थर्मामीटरवरच्या खुणा बदलल्या म्हणून निवण्याचा वेग बदलेल कसा?

चहाची उष्णता बाहेर जाते ती चहा आणि खोली यांच्या तापमानांत फरक आहे म्हणून. तेव्हा गुणोत्तर काढायचं ते या फरकाचं. सुरुवातीला फरक ८५ वजा २५, म्हणजे ६० अंश. पाच मिनिटांनी ४५. म्हणजे पाऊणपट उरला. फॅरेनहाइटमध्ये हेच फरक १०८ आणि ८१ होतात, म्हणजे तिथेही पाऊणपटच. नियम सांगतो की दर पाच मिनिटांनी फरक पाऊणपट होत जाईल. ४५ चे पाऊणपट ३३.७५, त्यात खोलीचे २५ मिळवले की दहाव्या मिनिटाचं उत्तर मिळतं: सुमारे ५९ अंश. पंधराव्या मिनिटाला ५०, विसाव्याला ४४. पहिल्या पाच मिनिटांत १५ अंश उतरणारा चहा पंधरा ते वीस या पाच मिनिटांत जेमतेम सहा अंश उतरतो. सूत्रात मांडलं तर:

T = 25 + 60 × (3/4)^(t/5)

इथे t म्हणजे मिनिटं. वेळ घातांकात बसली आहे, म्हणूनच या निवण्याला घातांकी म्हणतात. या कपाचा फरक निम्मा व्हायला सुमारे १२ मिनिटं लागतात, मग तो ६० वरून ३० होत असो की ३० वरून १५.

वहीत हे चोख बसतं. खरा कप मात्र उघडा असतो, आणि चहावरून उठणारी वाफ हिशेब बिघडवते. दीडशे ग्रॅम चहातून एक ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं, तर तेवढ्यानेच उरलेला चहा साधारण साडेतीन अंशांनी निवतो. शिवाय ही वाफ तापमानफरकाच्या प्रमाणात कमी होत नाही. चहा ८५ वरून ५५ वर येतो तेव्हा फरक निम्मा होतो, पण पाण्याच्या वाफेचा दाब तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली येतो. त्यामुळे उघडा कप सुरुवातीला झपाट्याने निवतो आणि पुढे मंदावतो. दर पाच मिनिटांचं गुणोत्तर काढलं तर ते स्थिर न राहता हळूहळू वाढत जातं. कपावर बशी झाकली की ही गडबड पुष्कळ कमी होते.

झाकलं तरी हवेचा प्रश्न उरतोच. स्तब्ध हवेत गरम कपाभोवतीची हवा तापून आपोआप वर चढते. कप जितका गरम, तितका तो प्रवाह जोरकस, म्हणून तिथेही नियम थोडा ढळतो. न्यूटनला याची जाण होती. १७०१ साली निनावी छापलेल्या आपल्या लॅटिन लेखात त्याने तापलेलं लोखंड स्तब्ध हवेत नव्हे, एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवल्याचं नमूद केलं आहे. प्रयोग करताना पंखा एकाच वेगावर ठेवणं हे त्याच युक्तीचं घरगुती रूप.

नियम पाळला जातोय की नाही, हे आलेखावर तपासता येतं. दर वेळच्या तापमानफरकाचा लॉगॅरिदम काढून तो वेळेसमोर मांडायचा. घातांकी निवणं असेल तर बिंदू सरळ रेषेत येतात. रेषा सुरुवातीलाच जास्त उतरती असेल, तर संशय वाफेवर घ्यावा. सुरुवात सरळ पण शेपूट आडवं होत गेलं, तर बहुधा खोलीचं तापमान प्रत्यक्षापेक्षा कमी धरलेलं असतं. शेपूट खाली कोसळत असेल, तर जास्त. चहा गरम असताना खोलीच्या मोजणीतली दोन अंशांची चूक ६० मध्ये लपून जाते. फरक पाच-सहा अंशांवर आला की तीच चूक सगळा आलेख वाकवते. म्हणून या प्रयोगात खोलीचं तापमान अंदाजाने लिहायचं नाही. कपाशेजारी दुसरा थर्मामीटर ठेवून तेही दर वेळी नोंदवायचं.