बहिरमच्या थंडीत उबेची पुडी

बहिरमची यात्रा 20 डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीभर चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी दिवस मावळला की बोचरी थंडी पडते. स्टॉलवर तासन्‌तास उभं राहून बोटं बधिर होतात, सुट्टे पैसेही मोजता येत नाहीत. म्हणून आज हातापायाला ऊब देणाऱ्या पुड्यांबद्दल बोलू.

एकदाच वापरायच्या पुडीत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा आणि थोडं पाणी असतं. वरचं पाकीट फोडलं की हवा लागून लोखंड गंजतं. आपल्या विळ्याला गंज चढतो तोच हा, फक्त फार वेगानं. त्यातूनच ऊब निघते. तापायला 15 ते 30 मिनिटं लागतात. दुकान 4 वाजता मांडायचं असेल तर पाकीट साडेतीनलाच फोडा. हाताची पुडी साधारण 8 तास टिकते, म्हणजे रात्री आवरेपर्यंत पुरते.

हीच पुडी बुटात घातली की थोड्या वेळात थंड पडते. आपल्याला वाटतं, माल खराब निघाला. खरं कारण म्हणजे बुटात हवा कमी. बाहेर काढून हलवा. भुकटी मोकळी असेल तर ती पुन्हा तापेल. दगडासारखी कडक झाली असेल तर संपली. पायासाठी वेगळी, पातळ, चिकटणारी पुडी मिळते. ती मोज्यावर बोटांपाशी लावा आणि बूट सैल ठेवा. शिवाय उभं राहण्याच्या जागी पोतं किंवा फळी टाका, नाहीतर जमीनच ऊब ओढून घेते.

दुसरी पुडी पुन्हा पुन्हा वापरायची. तिच्या पातळ द्रवात धातूची चकती असते. चकती वाकवली की द्रव गोठतो आणि लगेच गरम होतो. ही ऊब मात्र अर्धा-एक तासच राहते. नंतर पुडी फडक्यात गुंडाळून उकळत्या पाण्यात ठेवायची, आतला द्रव पूर्ण नितळ होईपर्यंत. एक खडा जरी उरला तरी थंड होताना सगळी पुडी पुन्हा गोठते आणि मेहनत वाया जाते. चहाची शेगडी जवळ असेल तर ही परवडते.

आता महत्त्वाचं. आमच्या गटातल्या एका ताईंना शुगर आहे, पायाला संवेदना कमी. त्यांनी पुडी उघड्या तळव्याला लावून मोजा चढवला. काहीच जाणवलं नाही. घरी मोजा काढला तर मोठा फोड! जखम भरायला कित्येक आठवडे गेले. ही ऊब चटका देत नाही, पण तासन्‌तास एकाच जागी राहिली तर कातडी हळूहळू भाजते. म्हणून पुडी नेहमी कापडावरून लावा, तासातासानं जागा बदला, लावून झोपू नका. शुगर असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर पायाला लावूच नका. दोन सैल मोजे आणि पायाखाली पोतं हेच बरं.