रात्री साडेअकराचे तीन निरोप

पारनेर तालुक्यातलं सुपा, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरची औद्योगिक वसाहत. रात्री साडेअकराला एका गोदामाच्या धक्क्यावर ३२ फुटी कंटेनर लागलेला असतो आणि डिस्पॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप पडत असतात. पुढचे तीन मी नमुन्यासाठी रचले आहेत, पण धाटणी कुठल्याही गोदामात रोज दिसते तीच आहे.

रात्री ११:३५: "साहेब ४४२१ भरली. ३०० लोड."
रात्री ११:५२: "२ आउटडोअर कमी. सकाळी बघू."
रात्री १२:२०: "गाडी सोडली वाडीला. नेहमीचा रोड. उद्या संध्याकाळपर्यंत खाली होईल."

ग्रुपमधल्या प्रत्येकाला हे कळतं. प्रश्न आहे तो माल जिथे उतरणार त्या नागपूरच्या गोदामातल्या माणसाचा, वाटेत गाडी अडवणाऱ्या जीएसटी अधिकाऱ्याचा आणि उद्या दोन खोकी कमी भरली तर हिशेब मागणाऱ्याचा. त्यांच्या हातात ग्रुप नसतो, बिल्टी असते. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा त्या पावतीवरचं वजन आणि नगसंख्या प्रथमदर्शनी पुरावा मानतो. म्हणजे धक्क्यावर घाईत टाइप केलेले तीनशे बिल्टीवर उतरले की साक्ष होऊन बसतात. थक्क व्हायला होतं ते पुढे. या तीन निरोपांत जे धूसर आहे, त्यातलं बरंचसं त्याच निरोपांतल्या दुसऱ्या तपशिलांवरून उलगडतं.

आधी ३००. माल आहे स्प्लिट एसी. विक्री विभाग तो सेटमध्ये मोजतो आणि एका सेटची दोन खोकी असतात, भिंतीवर लागणारं इनडोअर आणि बाहेर बसणारं आउटडोअर. हमाल मात्र डाग मोजतात, एक खोकं म्हणजे एक डाग. मग हे ३०० सेट की ३०० डाग? उत्तर दुसऱ्याच शब्दात आहे, ते म्हणजे गाडी. दीड टनी एसीच्या एका सेटची दोन्ही खोकी मिळून साधारण एक तृतीयांश घनमीटर जागा घेतात. ३२ फुटी कंटेनरची आतली जागा ५५ ते ५८ घनमीटर. ३०० सेटना १०० घनमीटर लागतील, ते त्या गाडीत मावणंच अशक्य. १५० सेटना मात्र ५० घनमीटर पुरतात. म्हणजे ३०० म्हणजे डागच. वजनही तेच सांगतं. एका सेटचं वजन धरा ४५ किलो, १५० सेटचे पावणेसात टन झाले आणि मागे एकच अॅक्सल असलेला ३२ फुटी कंटेनर साधारण सात टन नेतो. लांबी-रुंदी ठाऊक असेल तर गाडीच साक्षीदार होते.

पण हा साक्षीदार जाडाभरडा आहे. दुसऱ्या निरोपातल्या दोन आउटडोअरचा निकाल तो लावू शकत नाही. दोन आउटडोअर म्हणजे साठ-पासष्ट किलो. वजनकाट्यावर रिकामी गाडी तोलल्यानंतर वाटेत डिझेल भरलं किंवा क्लीनर केबिनमध्ये चढला, तर एवढा फरक सहज झाकला जातो. तिथे स्कॅनरची यादी किंवा गेटवरची टॅली काढावी लागते. आपल्या नमुन्यात ती सांगते: इनडोअर १५०, आउटडोअर १४८. म्हणजे पहिल्या निरोपातले ३०० हा मोजलेला आकडा नव्हताच, तो संध्याकाळच्या ऑर्डरमधला ठरलेला आकडा होता. भरायचं किती आणि भरलं किती, हे दोन आकडे चॅटमध्ये एकाच तोंडाने बोलतात, आणि माझ्या मते बिल्टी चुकायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आता बिल्टीवर काय लिहायचं? २९८ डाग लिहिले तर आकडा खरा आहे, पण नागपुरात दोन इनडोअर जोडीदाराविना पडून राहणार. शिवाय बीजक १५० सेटचं आहे, त्यामुळे कागद आणि माल जुळत नाहीत. सरळ मार्ग म्हणजे दोन इनडोअर उतरवायचे, आधीचं बीजक आणि त्यावरचं ई-वे बिल रद्द करायचं (ई-वे बिल तयार केल्यापासून २४ तासांत रद्द करता येतं) आणि १४८ सेटचं, म्हणजे २९६ डागांचं, नवं करायचं. वजन सुमारे ६,६६० किलो. मग दाराला सील, आणि सीलचा क्रमांक बिल्टीवर. नागपुरात सील शाबूत निघालं आणि तरी खोकं कमी भरलं, तर शोध सुप्याच्या धक्क्यावर सुरू होतो, रस्त्यावर नाही.

आता ४४२१. धक्क्यावर हे चार अंक पुरतात, कारण समोर एकच गाडी असते. कागदावर पुरत नाहीत. त्याच चार अंकांची गाडी अहिल्यानगरच्या MH 16 मध्ये असते, श्रीरामपूरच्या MH 17 मध्ये असते, पुण्याच्या MH 12 मध्येही असते आणि एकाच कार्यालयाच्या प्रत्येक नव्या मालिकेत ती पुन्हा येते. (मधली दोन अक्षरं इथे मी मुद्दाम गाळतो, नाहीतर कुणाच्या तरी खऱ्या गाडीवर बोट जायचं.) पूर्ण क्रमांक फोनवर ऐकून लिहायचा नाही, पाटीचा फोटो मागवायचा. त्याच फोटोत कंटेनरची बांधणी दिसते आणि मघाचा घनमीटरचा हिशेब पुन्हा पडताळता येतो. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नवा क्रमांक भरावा लागतो. तोवर तो माल कागदोपत्री बंद पडलेल्या गाडीतच असतो.

ठिकाणांची गंमत तर याहून मोठी. निघण्याचं ठिकाण सुपा, पण बारामती तालुक्यातही एक सुपे आहे आणि बोलताना ती दोन्ही गावं एकच होतात. पोचण्याचं ठिकाण वाडी. ही नागपूरला लागून अमरावती रस्त्यावरची, गोदामांची वाडी. महाराष्ट्रात वाड्या किती आहेत ते विचारू नका. म्हणून दोन्ही टोकांना तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहायचा. पिनकोड नुसता टपालापुरता नाही. ई-वे बिलाची यंत्रणा दोन पिनकोडवरूनच अंतर काढते आणि अंतरावरून मुदत ठरते. चुकीच्या सुप्याचा पिनकोड टाकला की पुढचं सगळं गणित एका भलत्याच गावातून सुरू होतं.

"नेहमीचा रोड" हा मात्र कायद्याने विचारलेला प्रश्नच नाही. जीएसटीच्या नियमांना बिल्टीवर माल पाठवणारा, घेणारा, वजन, गाडीचा क्रमांक, मालाचा तपशील, निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण हवं असतं. मधला रस्ता नको असतो. तो माणसांसाठी लिहायचा, कारण पोचायची वेळ त्याच्यावर टांगलेली असते. सुप्याहून नागपूरला जाताना अहिल्यानगर बायपास, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धी महामार्ग असा एक रस्ता. टोल वाचवायचा म्हणून संभाजीनगरनंतर जालना, मेहकर, कारंजा असा जुना रस्ता धरणारेही असतात. दोन्ही रस्ते कुणाच्या ना कुणाच्या नेहमीचेच.

रात्री उशिरा याच रस्त्यावरून निरोप येतो: "माळीवाडा क्रॉस." माळीवाडा म्हणजे अहिल्यानगर शहरातला, जुन्या एसटी स्टँडचा परिसर. आणि माळीवाडा म्हणजे संभाजीनगरजवळ, दौलताबादच्या बाजूला समृद्धीवर चढायचं इंटरचेंजही. दोघांमध्ये शंभरावर किलोमीटर. कुठला ते घड्याळ सांगतं. गाडी १२:२० ला सुटली. निरोप सव्वाला आला असेल, तर गाडी फार तर अहिल्यानगरला पोचली असेल. तो पहाटे पावणेपाचला आला, तर समृद्धीचंच दार. म्हणून निरोपातलं ठिकाण कधीही वेळेशिवाय टिपायचं नाही.

राहिली "उद्या संध्याकाळ". निरोप रात्री १२:२० चा. समजा, कॅलेंडरवर नुकतीच १३ मे लागली. लिहिणारा १२ तारखेच्या पाळीवर आहे, झोपेपर्यंत त्याचा दिवस १२ च आणि त्याचं उद्या म्हणजे १३. नागपुरात सकाळी नऊला हाच निरोप वाचणाऱ्याचं उद्या म्हणजे १४. कोण बरोबर, हे अंतर ठरवेल. सुपा ते माळीवाडा इंटरचेंज सुमारे १४० किलोमीटर, ताशी ३५ ने चार तास. समृद्धीवर सुमारे ४३० किलोमीटर. तिथे अवजड वाहनांना ताशी ८० ची मर्यादा, पण थांबे आणि चढ धरून ५५ ची सरासरी घ्यावी, म्हणजे आठ तास. शिवमडक्याला उतरून रिंगरोडने वाडीपर्यंत एक तास. झाले तेरा. जेवण, चहा, टायर तपासणी यांचे तीन तास धरले की १३ मेचे दुपारचे चार-साडेचार वाजतात. लिहिणाऱ्याचं उद्या खरं ठरलं.

पण एका अटीवर, गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा, २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, ड्रायव्हरला दिवसाला आठ तासांचं काम सांगत असे आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. लांब पल्ल्याला काही सूट असे, पण तेरा तास एकट्याने चालवणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. एकच ड्रायव्हर असेल, तर वाटेत झोप धरून १४ ची सकाळ लिहायची. म्हणून पोचण्याची वेळ लिहिण्याआधी विचारायचा प्रश्न "कधी पोचेल?" हा नाही, "केबिनमध्ये चालवणारे किती?" हा आहे.

ई-वे बिलावरची मुदत हीच पोचण्याची वेळ समजणारेही भेटतात. ती वेगळी गोष्ट. दर २०० किलोमीटरला एक दिवस, उरलेल्या तुकड्यालाही एक, म्हणून ५९० किलोमीटरला तीन दिवस. यातला पहिला दिवस बिल केल्याच्या दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. १२ मेच्या रात्री ११:५० ला केलेलं बिल १५ च्या मध्यरात्रीपर्यंत चालतं आणि तेच १२:१० ला, म्हणजे १३ लागल्यावर केलं, तर १६ च्या. वीस मिनिटांत एक पूर्ण दिवस मिळतो. पण तो कागदाला मिळालेला दिवस, गाडी काही त्यामुळे उशिरा पोचत नाही.

तीन निरोपांची बिल्टी शेवटी अशी होते:

माल: स्प्लिट एसी, १४८ सेट (इनडोअर १४८ + आउटडोअर १४८ = २९६ डाग). अंदाजे वजन ६,६६० किलो.
गाडी: MH 16 ×× 4421, ३२ फुटी बंद कंटेनर, सील क्रमांक सोबत. ड्रायव्हर २.
कुठून-कुठे: सुपा, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर ते वाडी, जि. नागपूर. दोन्ही पिनकोडसह.
मार्ग: अहिल्यानगर बायपास, छ. संभाजीनगर, माळीवाडा इंटरचेंज, समृद्धी, शिवमडका, रिंगरोड.
निघाली: १३ मे, ००:२०. अपेक्षित पोच: १३ मे, दुपारी ४ ते सायंकाळी ७.

वेळ एका आकड्यात न लिहिता तीन तासांचा पट्टा दिला आहे, कारण तेवढंच आपल्याला खरोखर ठाऊक असतं.

धक्क्यावर उतरवलेली दोन इनडोअर अजून सुप्यातच आहेत. सकाळी आउटडोअर सापडली, की दोन सेटचं वेगळं बीजक आणि वेगळी बिल्टी लागेल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे तेवढं काम सुटेल. ग्रुपवर तोवर निरोप येऊन पडलेला असेल: "कालचे २ टेम्पोत टाकले."