फाट्यावर आधी कोणाचा हक्क?

मुदखेड तालुक्यातल्या गावरस्त्यावरून हमरस्त्याला लागताना आधी जाण्याचा हक्क हमरस्त्यावरच्या वाहनाचा. १९८९च्या नियमांत हे होतं आणि २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांतही आहे. अष्टकोनी लाल ‘थांबा’ पाटी असेल तर रस्ता मोकळा दिसला तरी चाक पूर्ण थांबवायचं. उलट्या त्रिकोणाच्या पाटीला वेग कमी करून वाट द्यायची. पाटी चोरीला गेली म्हणून नियम जात नाही!

खरी गफलत अंतराच्या अंदाजात होते. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर जागेवरून निघून रस्ता ओलांडायला सहज दहा सेकंद घेतो. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरने येणारी जीप सुमारे १६५ मीटर पुढे येते. म्हणजे दीडशे मीटरवर दिसणारी जीप ‘लांब आहे’ असं समजू नका. दुभाजकाच्या फटीत ट्रॅक्टर थांबवला तर मागची ट्रॉली अजून मार्गिकेतच असते. म्हणून उजवीकडे वळायचं तर दोन्ही बाजू एकदम मोकळ्या हव्यात. ट्रक गेला की लगेच निघू नका, त्याच्या आड दुचाकी असते. रात्री ट्रॉलीला मागे आणि बाजूला परावर्तक पट्ट्या लावाच.